सीनमधलं एकच बिघडलेलं वाक्य कसं बदलायचं: दुसरा टेक, वेगळं रेकॉर्डिंग आणि खोलीच्या आवाजाचा मेळ

अख्खा सीन छान झालाय, अभिनय जमलाय, पण मधलं एक वाक्य नटानं गिळलंय. पुन्हा शूट करणं शक्य नाही. अशा वेळी दुसऱ्या टेकमधलं तेच वाक्य उचलून इथं बसवायचं, किंवा नटाला बोलावून ते वेगळं रेकॉर्ड करायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नवीन वाक्य अगदी स्वच्छ करून, सगळा गोंगाट काढून जागेवर ठेवलं होतं. शब्द स्पष्ट होते, ओठांशी जुळत होते, तरी ऐकणारा प्रत्येक जण त्याच जागी थांबून विचारायचा, "इथं काय झालं?" झालं होतं ते एवढंच की वाक्याबरोबर खोलीही दोन सेकंदांसाठी गायब झाली होती.

तेव्हापासून मी या कामाचा क्रम उलटा केलाय. आधी खोलीचा विचार, मग शब्दांचा. हा लेख त्याच क्रमाच्या भरवशावर लिहिलाय आणि त्यात एक खरं उदाहरण शेवटपर्यंत चालवलंय. एका छोट्या खोलीत टेबलाशी दोन माणसं बोलत बसली आहेत, लांब काठीला लावलेला बूम माईक डोक्यावर साधारण ६० सेंटिमीटरवर आहे. वाक्य आहे: "मी त्याला परवाच सांगितलं होतं, पण त्यानं ऐकलं नाही." चित्रासाठी टेक क्रमांक दोन निवडलाय, पण त्यात "सांगितलं" हा शब्द "सांगलं" असा ऐकू येतो.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- त्या सीनच्या सगळ्या टेक्सचं मूळ ध्वनिमुद्रण, प्रत्येक माईकचा ट्रॅक वेगळा. एडिटरनं मिसळून दिलेली एकच फाईल पुरत नाही.
- शूटिंगच्या नोंदवहीतली पानं: कोणत्या टेकला कोणता माईक होता, काही वेगळं घडलं का.
- रूम टोन, म्हणजे कुणी न बोलता खोलीचा नुसता आवाज, ३० सेकंद ते एक मिनिट. नसेल तर तो कसा जमवायचा ते पुढे येईल.
- अनेक ट्रॅक, क्रॉसफेड, इक्यू आणि रिव्हर्ब असलेलं कोणतंही ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर. महागडं असायची गरज नाही. क्रॉसफेड म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं, इक्यू म्हणजे आवाजातला खर्ज किंवा वरचा भाग कमीजास्त करणं, आणि रिव्हर्ब म्हणजे आवाजाला खोलीचा प्रतिध्वनी देणं.
- कान झाकणारे बंद हेडफोन, आणि तपासण्यासाठी एखादा साधा स्पीकर.

१. नेमकं किती बदलायचं ते ठरवा

नवशिके बहुतेक वेळा एक तर पूर्ण वाक्य बदलतात किंवा फक्त तो एक शब्द. दोन्हीत धोका आहे. पूर्ण वाक्य बदललं तर मूळ टेकमधला चांगला अभिनय जातो. फक्त "सांगितलं" बदललं तर त्याच्या शेवटी स्वर लांबत असताना कापावं लागतं, आणि चालू स्वर कापून दुसऱ्या टेकच्या स्वराला जोडला की सांधा ऐकू येतोच, कारण त्या क्षणी दोन टेकमधल्या आवाजाची उंची सहसा सारखी नसते.

म्हणून मी आधी वाक्य कागदावर लिहितो आणि कापायला सुरक्षित जागा खुणावतो. क, ट, त, प यांसारखी व्यंजनं उच्चारताना तोंडातली हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद होते आणि मग हवा सुटते. त्या बंद क्षणात, साधारण ५० ते १०० मिलिसेकंद, आवाज जवळजवळ नसतो, फक्त खोली असते. कापायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्याखालोखाल स, श यांच्या सुरुवातीचा फुसफुसाट चालतो. स्वरांच्या मध्ये, आणि म, न, ल, र यांच्यावर शक्यतो कापू नका.

आपल्या वाक्यात "परवाच"च्या सुरुवातीला प आहे आणि "पण"च्या सुरुवातीलाही प आहे. म्हणजे दोन प-च्या मधला तुकडा, "परवाच सांगितलं होतं", हा बदलायचा. "मी त्याला" आणि "पण त्यानं ऐकलं नाही" हे मूळ टेकचंच राहील. भाव ज्या शेवटच्या भागात आहे तो वाचला.

२. दुसरा टेक शोधा, आणि फक्त शब्द ऐकून निवडू नका

सगळे टेक एकाखाली एक लावा आणि प्रत्येकातलं तेवढंच वाक्य ऐका. लांबच्या शॉटचे टेक, कॅमेरा समोरच्या पात्रावर असतानाचे टेक, मध्येच थांबलेले टेकही सोडू नका. कॅमेरा दुसऱ्यावर असताना नट पुष्कळदा निवांत आणि स्पष्ट बोलतो. मात्र त्या वेळी बूमही दुसऱ्याकडे वळलेला असतो, म्हणून शब्द उत्तम पण आवाज लांबचा, असा सौदा मिळतो.

निवडताना मी या क्रमानं ऐकतो: आधी आवाजाचा जोर, मग उंची, मग माईकचं अंतर, आणि सगळ्यात शेवटी वेग. वेग दुरुस्त करता येतो, अंतर थोडंफार जुळवता येतं, पण हळू बोललेलं वाक्य आवाज वाढवून जोरात बोलल्यासारखं होत नाही. जोरात बोलताना गळ्यातून निघणारा स्वरच बदलतो, वरच्या पट्टीतला भाग वाढतो. तो कुठल्याही बटणानं आणता येत नाही.

आमच्या उदाहरणात चौथा टेक सापडला. जोर तोच, माईक तोच आणि जागेवरच, "सांगितलं" स्वच्छ. दोन अडचणी होत्या. नट थोडा घाईत होता: मूळ टेकमध्ये दोन प-च्या मध्ये १.३० सेकंद जातात, चौथ्यात १.२२. आणि चौथ्या टेकच्या वेळी शेजारच्या खोलीतलं कसलंसं यंत्र चालू झालेलं होतं, मागे बारीक घरघर होती.

३. मूळ वाक्य जपून नवीन तुकडा बसवा

मूळ क्लिप पुसू नका. तिची प्रत खालच्या ट्रॅकवर म्यूट करून ठेवा. लय जुळते का, हे पुन्हा पुन्हा तिच्याशी ताडून पाहायचं असतं.

आता चौथ्या टेकचा तुकडा नवीन ट्रॅकवर आणा, पण दोन्ही बाजूंना एकेक सेकंद जास्तीचं ठेवून. क्रॉसफेडला ते लागतं. मग पहिल्या प-चा स्फोट दोन्ही वेव्हफॉर्ममध्ये एकाखाली एक आणा. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटतात आणि ते पडद्यावर स्पष्ट दिसतं, म्हणून सगळ्यात आधी हीच अक्षरं जुळली पाहिजेत. "सांगितलं"मधली जीभ कुणाला दिसत नाही, तिथं थोडी सूट आहे.

सूट किती? २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. टीव्ही प्रसारणासाठीच्या, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीत आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद उशिरा आला, की फरक जाणवू लागतो असं धरलंय. दोन आकड्यांमधली तफावत लक्षात ठेवा. उशिरा आलेला आवाज आपण सोसतो, कारण लांबून येणारा आवाज नेहमी उशिराच पोचतो. आधी आलेला आवाज मात्र लगेच खटकतो. शंका असेल तर तुकडा किंचित उशिरा येऊ द्या, लवकर नाही.

आमच्याकडे ८० मिलिसेकंद कमी पडत होते. पहिला प जुळवल्यावर "परवाच" बरोबर बसलं, पण "सांगितलं" एक फ्रेम आधी येत होतं आणि "होतं" संपल्यावर "पण"पर्यंत अजून एक फ्रेम उरत होती. मी "परवाच"च्या च नंतर, स सुरू होण्याआधी कापलं आणि पुढचा भाग ४० मिलिसेकंद उशिरा येईल असा सरकवला. मधल्या छोट्या फटीत चौथ्या टेकचाच रूम टोन भरला, दोन्ही टोकांना १० मिलिसेकंदांचे क्रॉसफेड. शब्दांच्या मध्ये एवढा थांबा माणूस एरवीही घेतो. उरलेले ४० मिलिसेकंद स्वल्पविरामाच्या जागी गेले, तिथं तर आधीच थांबा होता.

पूर्ण तुकडा ताणून १.२२ चा १.३० करता आला असता, पण ती साडेसहा टक्क्यांची ताण झाली. बोलण्यावर चार-पाच टक्क्यांच्या पुढे ताणलं की स्वरांमध्ये एक पाणीदार थरथर येऊ लागते. ताण द्यायचीच तर एखाद्या लांब स्वरावर द्या, व्यंजनांवर कधीच नको. आणि उंची बदलायचा मोह झाला तर अर्ध्या स्वराच्या आत राहा. त्यापलीकडे माणूसच बदलतो.

श्वासाचं एक पथ्य आहे. श्वास त्याच्या पुढच्या शब्दांच्या टेकमधला घ्या. जुन्या टेकचा श्वास ठेवला आणि नवीन तुकड्याबरोबर त्याचा श्वासही आला, तर नट एका जागी दोनदा श्वास घेतो. घाईत हे हमखास सुटतं.

४. सांधा शब्दांचा नाही, गोंगाटाचा भरा

आता वाक्य ऐकलं तर शब्द ठीक आहेत, पण "परवाच"पाशी घरघर सुरू होते आणि "पण"पाशी बंद पडते. कान सतत चालणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करतो, पण तो अचानक सुरू झाला किंवा थांबला की ताबडतोब सावध होतो. म्हणून घरघर पूर्ण काढणं हे आपलं पहिलं उद्दिष्ट नाही. ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे लपवणं आहे.

आधी मोजा. दोन्ही टेकमधली शब्दांमधली शांत जागा निवडून तिची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, बघा. आमच्याकडे मूळ टेकची शांतता उणे ६० डेसिबलवर होती, चौथ्याची उणे ५७ वर. म्हणजे चौथा टेक ३ डेसिबलनं जास्त गोंगाटी.

आता गोंगाटी तुकडा स्वच्छ करण्याऐवजी स्वच्छ बाजूला गोंगाट वाढवायचा. एकमेकांशी संबंध नसलेले दोन सारख्या पातळीचे गोंगाट एकत्र केले की पातळी ३ डेसिबलनं वाढते, ६ नं नाही. म्हणून मूळ टेकच्या उणे ६० खाली आणखी एक उणे ६० चा थर ठेवला की बेरीज उणे ५७ होते, चौथ्या टेकइतकी. हा थर चौथ्या टेकच्या शांत जागेतून, ३ डेसिबल उतरवून घ्यायचा, म्हणजे घरघरीची जातही जुळते.

तो थर कुठून कुठपर्यंत? मी तो मागच्या शॉट-बदलापासून पुढच्या शॉट-बदलापर्यंत पसरला. चित्र बदलतं तिथं आवाज थोडा बदलला तर प्रेक्षक तो चित्राच्या खात्यावर टाकतो. दोन्ही टोकांना अर्ध्या-पाऊण सेकंदाचा लांब फेड. आणि यातला सगळ्यात जास्त होणारा घोटाळा: बदललेल्या तुकड्याखाली हा थर ठेवायचा नाही. तिथं घरघर आधीच आहे. सरसकट खाली अंथरलं तर नेमक्या नवीन शब्दांवर गोंगाट वाढतो आणि तुम्ही चूक लपवायच्या ऐवजी तिच्यावर बोट ठेवता.

क्रॉसफेडचा आकारही बघा. सरळ रेषेतल्या फेडमध्ये दोन वेगळे गोंगाट जिथं मध्यावर भेटतात तिथं पातळी ३ डेसिबलनं खचते आणि एक हलका खड्डा ऐकू येतो. गोंगाटाला गोंगाट जोडताना समान ऊर्जेचा, वर फुगलेला फेड वापरा. शब्दाच्या बंद व्यंजनावर ५ ते १० मिलिसेकंद पुरतात, रूम टोनच्या दोन तुकड्यांना १०० च्या वर द्या.

रूम टोन रेकॉर्डच केला नसेल तर? टेकच्या सुरुवातीला "ॲक्शन" म्हटल्यापासून नट बोलेपर्यंतची जागा शोधा. तिथं खोली, माईक, पातळी सगळं तेच असतं. सगळ्या टेकमधून असे एक-दीड सेकंदाचे तुकडे जमवा आणि जोडून निदान दहा-बारा सेकंदांची पट्टी तयार करा. एकच सेकंद फिरवत राहिलात तर त्यात लय तयार होते, आणि एखादी बारीक टकटक असेल तर ती घड्याळासारखी परत परत येते. कपड्यांची सळसळ, श्वासाची शेपटी, खुर्चीचा करकराट असलेले तुकडे टाकून द्या.

५. बाकीच्या माईकवरचं जुनं वाक्य विसरू नका

वरचं सगळं बूमवर केलं आणि काम संपलं असं वाटतं. पण दोन्ही पात्रांना कॉलर माईक असतील तर बिघडलेलं "सांगलं" त्यांच्यावरही आहे, समोर बसलेल्या दुसऱ्या नटाच्या माईकवरसुद्धा, दबक्या आवाजात. मिक्स करताना तो ट्रॅक उघडा राहिला की नवीन शब्दामागे जुन्याचं भूत ऐकू येतं. तेवढ्या लांबीत सगळ्या माईकवर कापा आणि प्रत्येक ट्रॅकवर त्याच माईकचा रूम टोन भरा. बूम आणि कॉलर दोन्ही वापरत असाल तर चौथ्या टेकमधून दोन्ही एकत्रच आणा आणि एकत्रच सरकवा. आवाज १ मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. दोघांमधलं ते मूळ अंतर बिघडलं की आवाज पोकळ, पाइपातून आल्यासारखा होतो.

६. एकही टेक चालत नसेल तर: वेगळं रेकॉर्डिंग

त्याच सीनमध्ये पुढे "दार उघडंच होतं" असं वाक्य होतं आणि पाचही टेकमध्ये त्यावर खुर्ची सरकत होती. इथं नटाला परत बोलावण्यावाचून इलाज नव्हता.

त्याच खोलीत परत जाता आलं तर जाच. खोली, माईक आणि अंतर हे तिन्ही तेच मिळाले तर पुढचं अर्धं काम वाचतं. नाही जमलं तर निदान माईक तोच आणि अंतर तेच ठेवा. जागा मात्र जेवढी सुनी, पडदे-गाद्यांनी मऊ केलेली मिळेल तेवढी चांगली. प्रतिध्वनी नंतर घालता येतो, चुकीच्या खोलीचा प्रतिध्वनी काढता येत नाही.

नट पाठ करून, माईकसमोर ताठ उभा राहून बोलला तर ते वाचल्यासारखं येतं. त्याला सीनमध्ये बसला होता तसंच बसवा. हेडफोनमध्ये मागची दोन वाक्यं ऐकवा, त्याला त्यांच्यासकट बोलू द्या आणि हवं ते वाक्य नंतर कापून घ्या. आमचा नट पहिले चार प्रयत्न हळू बोलत होता, कारण खोली शांत होती. सीनमध्ये तो समोरच्या माणसाशी टेबलापलीकडे बोलत होता. मी समोर तेवढ्याच अंतरावर जाऊन बसलो आणि "मला सांग" म्हटलं. पाचव्यांदा जोर बरोबर आला. शेवटी त्याच्याकडून "होतं" हा शब्द दोन-तीनदा वेगळा बोलवून घेतला. का, ते आता येतंय.

७. खोली जुळवा, याच क्रमानं

जुळवण्यासाठी मी दोन्हीकडे असलेला एकच शब्द वापरतो. जुन्या रेकॉर्डिंगमधलं "होतं" आणि नवीन "होतं" शेजारी शेजारी ठेवून फिरवत ऐकायचं. वेगवेगळे शब्द ताडून पाहिले तर फरक शब्दाचा की खोलीचा, हेच कळत नाही.

*आधी पातळी.* दोन्ही शब्द सारखे मोठे करा. जो मोठा असतो तो कानाला नेहमी जास्त भरदार आणि उजळ वाटतो, आणि मग आपण इक्यूनं नसलेला आजार बरा करत बसतो.

*मग इक्यू.* दिशादर्शी माईक तोंडाजवळ आला की खर्ज फुगतो. नवीन रेकॉर्डिंग जवळून झालं असेल तर २०० हर्ट्झच्या खाली २ ते ४ डेसिबल हळुवार उतार द्या. जुना आवाज कॉलर माईकचा असेल तर तो हनुवटीखालून घेतलेला असतो, वरचा तजेला कमी असतो. अशा वेळी नवीन आवाजाचा वरचा भाग कमी करावा लागतो. सुंदर रेकॉर्डिंग मुद्दाम मंद करताना जिवावर येतं, पण शेजारच्या वाक्यापेक्षा चांगलं वाक्यही खटकतंच.

*मग रिव्हर्ब.* इथं थोडं समजून घ्या. माईक दुप्पट लांब नेला की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो, पण भिंतींवरून आपटून खोलीभर पसरलेला आवाज जवळपास तेवढाच राहतो. "लांब" वाटणं म्हणजे या दोघांचं प्रमाण. त्यामुळे आवाज नुसता कमी करून माणूस लांब जात नाही, तो जवळच बसून हळू बोलतो.

मूळ खोलीत कधी टाळी वाजवलेली किंवा फुगा फोडलेला रेकॉर्ड असेल तर तो कन्व्हॉल्यूशन रिव्हर्बमध्ये घाला, खोलीचा ठसा आयता मिळतो. नसेल तर मूळ ट्रॅकवर असा शब्द शोधा ज्यानंतर लगेच शांतता आहे, आणि त्याची शेपटी किती वेळ टिकते ते ऐका. सामान असलेल्या छोट्या खोलीत प्रतिध्वनी विरायला बहुधा ०.३ ते ०.५ सेकंद लागतात. प्लगइनमध्ये "रूम" प्रकारचा रिव्हर्ब घ्या, हॉल किंवा प्लेट नको. लांबी तेवढी ठेवा आणि तो वेगळ्या ट्रॅकवर पूर्ण ओला करून, म्हणजे त्यात मूळ आवाज न ठेवता, थोडा थोडा मिसळा. मी तो स्पष्ट ऐकू येईपर्यंत वाढवतो, मग तीनेक डेसिबल उतरवतो, कारण एकट्या शब्दावर बरोबर वाटलेला रिव्हर्ब सीनमध्ये जवळजवळ नेहमीच जास्त निघतो.

*सगळ्यात शेवटी रूम टोन.* नवीन आवाज स्वच्छ आहे, म्हणून इथं मूळ सीनचा रूम टोन वाक्याखालून सलग जातो, चौथ्या पायरीच्या उलट. तो रिव्हर्बमधून जाऊ देऊ नका. तो खोलीतूनच रेकॉर्ड झालाय, त्याला पुन्हा खोली लावली की तो धूसर होतो.

गोंगाट कमी करणारं प्लगइन लावायचंच असेल तर सगळं जुळवून झाल्यावर पूर्ण सीनवर एकसारखं लावा. फक्त एका वाक्यावर लावलेलं असं प्लगइन त्या वाक्याभोवती काच बसवल्यासारखं ऐकू येतं.

८. तपासणी

वाक्यापासून ऐकू नका. किमान वीस सेकंद आधीपासून लावा, स्क्रीनकडे पाठ करा. टाइमलाइनवर सांधा दिसत असेल तर तो ऐकू आल्याचा भास होतो, किंवा उलट, दिसत नाही म्हणून सुटतो.

मग शब्दांमधली शांतता मोठी करून ऐका. तात्पुरता १५ ते २० डेसिबल गेन द्या आणि त्यापुढे आवाज ठराविक पातळीवर अडवणारा लिमिटर लावा. हेडफोनचा आवाज आधी खाली करा, कारण शब्द एकदम अंगावर येतात. मागचा गोंगाट पायऱ्या-पायऱ्यांनी चढउतार करत असेल तर तो इथं उघडा पडतो. आमच्या पहिल्या वाक्यात "पण"च्या आधी असा एक खड्डा सापडला, फेड सरळ रेषेत राहून गेला होता. ही तपासणी चोखंदळपणा नाही. फोनवर ऐकणारा माणूस आवाज पूर्ण वाढवतो, प्रसारणात बारीक आवाज दाबून वर आणले जातात, आणि तुमच्या खोलीत न ऐकू येणारी पायरी तिथं ऐकू येते.

हेडफोनवर टिकटिक आणि तुटके सांधे सापडतात, स्पीकरवर अंतर आणि रिव्हर्बची चूक कळते. दोन्हीवर ऐका. शक्य असेल तर मग ज्यानं हा सीन पाहिलेला नाही अशा कुणाला तरी दाखवा आणि काय बदललंय ते आधी सांगू नका. "एक वाक्य बदललंय, ओळख" असं सांगितलंत तर तो शोधायला बसतो आणि चांगल्या वाक्यावरही बोट ठेवतो. सीन संपल्यावर फक्त विचारा, कुठं लक्ष उडालं का.

काही वाक्यं या वाटेनं सुटत नाहीत. बिघडलेल्या वाक्यावर दुसरं पात्र बोलत असेल तर दोघांचे आवाज दोघांच्या माईकवर मिसळलेले असतात, एकाला काढलं की दुसराही फाटतो. तिथं दोघांची वाक्यं एकाच टेकमधून एकत्र उचला, किंवा दोघांनाही बोलावा. आणि चेहरा जवळून दिसत असताना मूळ शब्दांपेक्षा वेगळे शब्द बसवायची मागणी आली, तर आधी एडिटरला विचारा की त्या क्षणी समोरच्या पात्राचा शॉट मिळेल का. ओठ दिसत नसतील तर वरच्या सगळ्या पायऱ्यांतली तिसरी पायरी निम्मी होते आणि उरतं ते फक्त खोली जुळवण्याचं काम.